पथकाने झरा पाहिली

अहवाल परत आला तो मंगळवारी, टपालाच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली. वरच्या कोपऱ्यात जिल्ह्याच्या कार्यालयातल्या कुणीतरी लाल शाईने लिहिले होते, ‘भाषिक दुरुस्ती करून शुक्रवारपर्यंत फेरसादर करावा.’ विस्तार अधिकाऱ्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, हे तुमचं खातं.”

तेव्हा मी भोरमधल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक होते. पत्रे, टिपण्या, अहवाल बाहेर जाण्याआधी भाषेसाठी माझ्या नजरेखालून जात. असे कुठल्याही आदेशात लिहिलेले नव्हते. एकदा एका मसुद्यातल्या चुका काढून दिल्या आणि मग ते काम मला चिकटले ते चिकटलेच.

अहवाल नऊ पानांचा होता. हिर्डोशीच्या पुढे, वरंध घाटाच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे. तिथली माणसे पाण्यामुळे आजारी पडली होती. जुलाब, उलट्या, दोन म्हाताऱ्यांना भोरला आणून सलाईन लावावे लागले. वाडीला पाणी एका झऱ्याचे. झऱ्याखाली दगडी कुंड आहे, तिथून पाइप वाडीत येतो. कुंडात रोज जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, झरा उपसून साफ ठेवायचा, हे काम ग्रामपंचायतीने नेमलेल्या जलसुरक्षकाचे. तिथे ते काम वाडीतलीच एक चाळिशीची बाई करत होती. चौकशीचा निष्कर्ष होता की तिने कामात हयगय केली, तिला काढून टाकावे. अहवाल दुरुस्त होऊन एकदा वर गेला की तिचे काम जाणार, आणि वाडीला कुणी आजारी पाडले ते कागदावर कायमचे राहणार. हे मला पहिल्या वाचनातच कळले होते. कळले एवढेच.

त्या पावसाळ्यात माझी आई गेली होती. ती माझ्याकडेच असायची. दिवसकार्य झाले, रेशनकार्डावरचे नाव कमी केले, गॅसचे पुस्तक बदलले, बँकेत दाखला दिला. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण केली आणि खुणा संपल्यावर कार्यालयात हजर झाले. हा अहवाल पहिल्यांदा वर गेला तो माझ्या रजेत. लोक विचारत, बरी आहात ना? मी हो म्हणत असे, आणि ते खोटे नव्हते. काही दुखत नव्हते. जेवणाला चव होती की नव्हती हे जेवण झाल्यावर सांगता येत नसे, इतकेच.

अशा वेळी क्रियापदे बरी. माझी दुरुस्तीची एक वही असते, तिच्यात तीन रकाने. पहिल्यात पान आणि ओळ, दुसऱ्यात जसे आहे तसे, तिसऱ्यात जसे हवे तसे. भूतकाळातल्या वाक्यात मी आधी ‘ने’ किंवा ‘नी’ शोधते. ‘ग्रामसेवकांनी नोंदवही सादर केले.’ इथे ‘नी’ आहे, म्हणजे क्रियापद ग्रामसेवकांचे ऐकणार नाही. मग विचारायचे, काय सादर केले? नोंदवही. तिला काही प्रत्यय लागलेला नाही, म्हणून क्रियापद तिच्यामागे जाते. नोंदवही सादर केली. अहवाल असता तर केला, पत्र असते तर केले. करणारा बाई असो, पुरुष असो की समिती असो, फरक पडत नाही. ज्याच्यावर क्रिया झाली त्यालाच ‘ला’ किंवा ‘ना’ लागले असेल तर क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही, ‘ले’वर थांबते, डॉक्टरांनी रुग्णांना तपासले. आणि येणे, जाणे, बसणे अशा क्रियापदांच्या भूतकाळात ‘ने’ लागतच नाही. बोलणे, विसरणे, शिकणे हीसुद्धा त्यांच्याच बाजूची. एवढे पाळले की सरकारी अहवालातल्या बहुतेक चुका निघतात.

विस्तार अधिकारी ‘ले’वाले होते. ‘ने’ दिसला की शेवटी ‘ले’, मग मध्ये काहीही असो. समितीने भेट दिले. आरोग्यसेविकेने यादी केले. डॉक्टरांनी रुग्णांना तपासले हे त्यांचे बरोबर यायचे, पण ते नशिबाने. माणूस वाईट नव्हता. भोरचे काम सांभाळून त्यांच्याकडे वेल्ह्याचाही अतिरिक्त कार्यभार होता. सकाळी पानशेतकडे आणि दुपारी घाटाकडे, असे त्यांचे मोटारसायकलवर चाले. अहवाल ते रात्री घरी बसून लिहीत आणि त्यात तसेच दिसे.

पहिल्या तीन पानांवर नेहमीचे ‘ले’ मिळाले. चौथ्या पानापासून स्थळपाहणी सुरू झाली आणि चुका बदलल्या. ‘सरपंचांनी झरा दाखवली.’ ‘पथकाने झरा पाहिली.’ ‘जलसुरक्षकाने झरा उपसली नाही.’ ‘जलसुरक्षकाने झरा स्वच्छ ठेवली नाही.’ मी मनात म्हटले, जलसुरक्षक बाई आहे म्हणून यांनी क्रियापद बाईच्या मागे लावले. ही चूकही नवी नाही, पुष्कळ जण करतात. दुसऱ्या रकान्यात उतरवले, तिसऱ्यात दाखवला, पाहिला, उपसला, ठेवला असे लिहिले आणि पुढे गेले. सातव्या पानापासून परत ‘ले’. एकूण एकतीस दुरुस्त्या निघाल्या. बुधवारी दुपारपर्यंत सगळ्या संगणकावर चढवून स्वच्छ प्रत काढली.

“झालं पण?” विस्तार अधिकारी म्हणाले. “एकतीस चुका? मराठी शाळेत शिकलोय हो मी.”

“सही करण्याआधी एकदा वाचून बघा.”

“तुम्ही वाचलंय ना, मग झालं.” त्यांनी उभ्याउभ्याच नऊ पानांवर सह्या केल्या.

आता शेवटच्या पानावर ‘मसुदा तपासला’ याच्यापुढे माझी आद्याक्षरे, आणि मग अहवाल मोठ्या साहेबांकडे जाणार होता. मी तो गुरुवारवर ठेवला.

गुरुवारी अकराच्या सुमारास ती बाई आली. दारातल्या बाकावर बसली होती. शिपायाने सांगितले की सकाळच्या एसटीने आली आहे आणि मोठे साहेब बैठकीला गेलेत हे सांगूनही उठत नाही. मी तिला आत बोलावले. अंगावर साधे पातळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. ती माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

“मॅडम, माझं काय लिवलंय त्यात?”

“अहवाल असा दाखवता येत नाही. वर गेला की तुम्हाला पत्र येईल.”

“पत्र आल्यावर काय बोलू? काम गेल्यावर?” तिने पिशवी टेबलावर ठेवली. “सायबांनी झरा पायलाच न्हाई, मॅडम.”

“म्हणजे?”

“गाडी शाळंपाशी लावली. तितनं वर झऱ्याला पाऊण तास लागतो, ह्या दिसांत तर जास्तीच. पाऊस व्हता. सरपंचांच्यात च्या घेतला, मला चार गोष्टी इचारल्या आन् गेलं. म्या म्हनलं चला वर, दावते. तर म्हनलं, आमाला समदं म्हाईत हाय.”

“हे लेखी दिलंय का तुम्ही?”

“दिलंय की. पंद्रा दिस झालं. शिक्का मारलेली परत हाय माझ्याकडं.” तिने वही उघडली. आत ती प्रत चार घड्या घालून ठेवलेली होती. वही तिच्या कामाची होती, रोजची तारीख, पावडर टाकली की नाही, आणि तीन आठवडे ओळीने एकच शब्द, ‘नाही’. “पावडरच आली न्हाई वो ग्रामपंचायतीत. म्या काय माती टाकू? तरी झरा म्या उपसलाय, दर बुधवारी, ह्या हातांनी. वाडीत आता कुनी बोलत न्हाई माझ्यासंगं. हंडा भराया गेले तर बाया बाजूला व्हत्यात.”

मी म्हटले, “तुमचा अर्ज फाइलला लावलेला असेल. बघते.”

“बघा,” ती म्हणाली, आणि वही मिटत, “तुमी तरी बघा.” मग वही परत पिशवीत गुंडाळून गेली. परतीची एसटी दीडला होती.

मला तिची दया आली असे लिहिले तर ते आज लिहिताना घातलेले असेल. तेव्हा मी फाइल काढली ती अर्ज बघायचा असे म्हटले होते म्हणून. अर्ज होता, शिक्क्यासकट, कुणी न वाचलेला. तो योग्य क्रमाने लावला. मग दुरुस्त्यांची वही बंद करायची म्हणून शेवटची बेरीज तपासायला घेतली, आणि दुसरा रकाना वरून खाली एका दमात वाचला गेला.

सादर केले. दिले. केले. मग दाखवली, पाहिली, उपसली, ठेवली, झाकली. मग परत केले, दिले.

सरपंचांनी झरा दाखवली. सरपंच पुरुष होते. पथकाने झरा पाहिली. पथक तर नपुंसकलिंगी. म्हणजे बाईच्या मागे क्रियापद गेले हे मी बुधवारी काढलेले कारण दोन वाक्यांतच मोडत होते. त्या तीन पानांवर प्रत्येक क्रियापद एका स्त्रीलिंगी नामाच्या मागे चालले होते आणि ते नाम वाक्यात नव्हते. ‘ले’वाल्या माणसाने एवढ्या शिस्तीने ‘ली’ लिहिले नसते.

माझ्या कपाटात मागच्या वर्षांच्या वह्या असतात. गेल्या वर्षीची काढली. वेल्ह्याचा एक अहवाल तेव्हा याच अधिकाऱ्यांनी आमच्या कार्यालयात टंकून घेतला होता. पानशेतच्या अलीकडचे एक गाव, तिथेही पाण्याचेच प्रकरण. दुसऱ्या रकान्यात त्यांचे ‘ले’. पथकाने विहीर पाहिले, जलसुरक्षकाने विहीर उपसले नाही. आणि तिसऱ्या रकान्यात माझ्या अक्षरात, विहीर दाखवली, विहीर पाहिली, विहीर उपसली नाही, विहीर जाळीने झाकली नाही. गेल्या वर्षीचा तिसरा रकाना म्हणजे यंदाचा दुसरा रकाना.

माझीच वाक्ये होती. मी दुरुस्त करून दिलेली, म्हणूनच बहुधा जपून ठेवलेली. त्यांनी जुनी फाइल उघडली होती, ‘विहीर’ काढून ‘झरा’ घातला होता, गावाचे नाव आणि तारीख बदलली होती, आणि क्रियापदांना कुणी हात लावला नव्हता.

मग मी ती तीन पाने ‘ने’ न शोधता वाचली. पाचव्या पानावर एक वाक्य होते, ‘झऱ्याचा कठडा तीन ठिकाणी ढासळलेला आढळला.’ झऱ्याला कठडा नसतो. ते वाक्य मी बुधवारी पाहिले होते, व्याकरण बरोबर म्हणून सोडून दिले होते.

विस्तार अधिकारी दुपारी वेल्ह्याहून आले. डबा खाऊन झाल्यावर मी दोन्ही वह्या घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

“झऱ्यापर्यंत गेला होतात का?”

त्यांनी माझ्याकडे, मग वह्यांकडे पाहिले. “फॉरमॅट तोच असतो हो, मॅडम. सगळेच तसंच करतात.”

“फॉरमॅट नाही विचारला. झरा बघितला का?”

“पाऊस किती होता माहितीये का तुम्हाला? शेवाळावरून पाय सटकला असता तर कोण आलं असतं उचलायला? सरपंचांनी सगळं सांगितलं.” त्यांनी आवाज उतरवला. “दोन तालुके आहेत माझ्याकडे. एक माणूस, एक गाडी.”

“ठाऊक आहे.”

“मग? तुम्ही र्‍हस्वदीर्घ बघायचं, चौकशी आम्ही करायची. आणि आता तर सगळं दुरुस्त झालंय. झरा पाहिला. कुणाला काय कळणार आहे?”

ते बरोबर बोलत होते. माझ्या स्वच्छ प्रतीत काही दिसत नव्हते. चुकीची प्रत सोडली तर त्या तीन पानांवर शंका घेण्याजोगे फार काही उरले नव्हते, आणि ते मीच उरू दिले नव्हते. बाईचा अर्ज होता, पण सहीच्या अहवालापुढे अर्ज किती चालतो ते आम्हा दोघांनाही माहीत होते.

“आद्याक्षरे मी केलेली नाहीत अजून,” मी म्हटले.

“मग करा.”

“मसुदा तपासला असं लिहायचंय तिथे. तपासला तर हे निघालं.”

“घरी अडचण झाली तुमच्या, म्हणून बोलत नाही मी,” ते म्हणाले. “नाहीतर बोललो असतो.”

मी जागेवर येऊन टिपणी लिहिली. अर्धे पान. पान चार ते सहामधील क्रियापदे ‘विहीर’ या नामानुसार आहेत. सदर वाक्ये गतवर्षीच्या अहवालाशी जुळतात. दोन्ही दुरुस्त्यांच्या याद्या सोबत जोडल्या आहेत. संबंधित जलसुरक्षकाचा अर्जही जोडला आहे. प्रत्यक्ष स्थळपाहणी झाल्याची खात्री होईपर्यंत सुधारित प्रत सादर करू नये. स्वच्छ प्रत मागे, लाल शाईची प्रत पुढे लावली. दोन ठिकाणी विरामचिन्हे बदलली.

शुक्रवारी सकाळी मोठ्या साहेबांनी आत बोलावले. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष होते आणि भानगड नको होती.

“भाषेचा शेरा होता, मॅडम. भाषेचं उत्तर द्यायचं.”

“भाषेचंच आहे, सर. पहिलंच वाक्य बघा.”

त्यांनी टिपणी वाचली. मग याद्या शेजारी-शेजारी ठेवून बोट खाली खाली नेत वाचत गेले. पाहिली, पाहिली. उपसली, उपसली. कठड्याच्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. तिथे त्यांनी चष्मा काढला.

“झऱ्याला कठडा,” ते म्हणाले. “हे वर गेलं होतं? माझ्या सहीनं?”

“हो, सर.”

“तुम्हाला दुरुस्ती करताना नाही दिसलं?”

“नाही.”

त्यांनी जिल्ह्याला फोन करून आठवड्याची मुदत मागून घेतली आणि विस्तार अधिकाऱ्यांना बोलावले. दार लोटलेले होते. बाहेर आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत; पुढचे बरेच दिवस ‘मॅडम’सुद्धा म्हणाले नाहीत.

सोमवारी ते वाडीत गेले आणि या वेळी वर चढले. सोबत आरोग्यसेवक होता, त्याने नमुने घेतले. नवा अहवाल बुधवारी माझ्या टेबलावर आला, काही न सांगता, फाइलींच्या वर ठेवलेला. पाच पानांचा. मी वही उघडली.

‘सरपंचांनी झरा दाखवले. पथकाने झरा पाहिले. झऱ्याखालील पाइप दोन ठिकाणी फुटलेला असून तेथे गुरे बसतात. ग्रामपंचायतीने तीन आठवडे पावडर पुरवले नाही. जलसुरक्षकाने झरा नियमित उपसले असल्याचे नोंदवहीवरून दिसून येते.’ पहिल्या पानापासून पाचव्यापर्यंत सगळे ‘ले’, एकही ‘ली’ नाही. माणूस स्वतः गेला होता आणि त्याने स्वतः लिहिले होते. मी सगळी क्रियापदे बदलली, दाखवला, पाहिला, पुरवली नाही, उपसला. पूर्ण दुपार गेली. नमुन्यांचा निकाल आल्यावर तोही जोडला. दोष फुटक्या पाइपमधल्या पाण्यात निघाला, झऱ्यात नाही. आद्याक्षरे केली.

पुढच्या आठवड्यात ती बाई प्रत घ्यायला आली. तिला वाचता येत होते, पण म्हणाली, तुमीच वाचा. मी शेवटचा परिच्छेद वाचला. जलसुरक्षकाच्या कामात दोष आढळला नाही. त्यांना कामावर कायम ठेवावे.

“येवढंच?”

“एवढंच असतं.”

तिने कागद हातात घेतला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. “काम ऱ्हायलं, ते ब्येस झालं. पर मॅडम, हे फायलीत ऱ्हानार. वाडीत कोन वाचनार? तितं अजून माझंच नाव हाय.”

याला माझ्याकडे रकाना नव्हता. मी तिला बाकावर बसायला सांगितले आणि पाठवायच्या पत्राच्या मसुद्यात एक ओळ वाढवली, ‘सदर अहवालाचे ग्रामसभेत जाहीर वाचन करण्यात यावे.’ मोठ्या साहेबांनी ती ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. ग्रामसभा झाली की मला फोन करा, असे तिला सांगून नंबर लिहून दिला. का दिला ते सांगता येणार नाही. एरवी मी नंबर देत नाही.

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिकडे रेंज जात-येत होती.

“वाचलं, मॅडम. ग्रामसेवकांनी समदं वाचलं, पाइपाचं, पावडरीचं.”

“लोक काय म्हणाले?”

“कायबी न्हाई. गप बसलं समदं.”

“कुणीच काही नाही?”

“सभा मोडल्यावर एक म्हातारी आली जवळ. ती सलाईन लावल्याली. म्हनली, बुधवारी झरा उपसाया कवा जातीस, म्याबी येते झाडू घिऊन.” मध्ये आवाज तुटला. “व्हय म्हनले मी. सकाळी सातला.”

“बरं,” मी म्हटले.

“तुमी जेवला का, मॅडम?”

आई गेल्यापासून हे मला कुणी विचारले नव्हते, की विचारले होते आणि माझ्या लक्षात राहिले नव्हते. मी म्हटले, “नाही, अजून व्हायचंय.” मग फोन ठेवला, ताट घेतले आणि जेवायला बसले. आमटीत मीठ कमी होते. उठून मीठ घेतले.